भीमेपलीकडील गाणी मराठीत आणताना : प्रस्तावना

सोलापूर शहराच्या दक्षिणेस भीमा ओलांडली, की विजापूरच्या वाटेवरील गावांतून जात्यावरचे गाणे कानडीतून ऐकू येऊ लागते. आणि ज्या स्त्रीचे माहेर नदीच्या एका तीरावर व सासर दुसऱ्या तीरावर असते, तिला एकाच जात्याच्या दोन भाषा येतात. या प्रदेशातील कानडी स्त्रीगीते मराठीत आणण्याचा जो उद्योग पुढील पानांत केला आहे, त्याचे मूळ साहित्य म्हणजे पुस्तकेही नव्हेत आणि हस्तलिखितेही नव्हेत; ती आहेत पानांची छायाचित्रे. कोणा ग्रंथालयातील जीर्ण पुस्तक बाहेर नेण्याची परवानगी नसते म्हणून उभ्याउभ्या मोबाईलवर टिपलेले पान, कोणा आजीच्या चोपडीतील शाईने लिहिलेले पान, कोणा आप्ताने पलीकडच्या गावाहून पाठविलेले, एका बाजूस अंगठ्याची सावली पडलेले पान, असा हा सारा संभार आहे. अशा पानावरून गाण्याचा तर्जुमा करताना अर्थ, प्रतिमा आणि लय या तिहींचा सांभाळ कसा करावा, एवढाच या प्रस्तावनेचा विषय आहे.

या गाण्यांचा मुद्रित इतिहास आमच्या शहरापासून फार दूरचा नाही. विजापूर जिल्ह्यातील हलसंगी या भीमेकाठच्या भागातील गावी मधुरचेन्न, सिंपी लिंगण्ण आणि त्यांचे सोबती यांनी घरोघरच्या स्त्रियांच्या तोंडून जात्यावरची पदे उतरवून घेतली आणि 1931 साली ‘गरतिय हाडु’ या नावाने त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. गरती म्हणजे घरंदाज गृहिणी, आणि हाडु म्हणजे गाणे. मराठीत साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, तेच काम भीमेच्या पलीकडे थोडे आधी झाले होते. पुढे 1944 ते 1956 या काळात दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे सोलापुरात दयानंद महाविद्यालयात कानडीचे अध्यापन करीत होते. घरात मराठी बोलणारा आणि कविता कानडीत लिहिणारा हा कवी या जात्यावरच्या छंदाला किती मानीत असे, ते त्यांच्या कवितेच्या चालीवरूनच कळते. सिद्धरामेश्वरांच्या वचनांची परंपरा त्याहून कितीतरी जुनी, थेट बाराव्या शतकातील; परंतु वचन हे छंदोबद्ध नसते, ते लययुक्त गद्य असते, आणि त्याच्या भाषांतराचे प्रश्न निराळे आहेत. तेथे वाक्याचा तोल आणि शेवटी येणारी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही नाममुद्रा जशीच्या तशी राखली, की निम्मे काम झाले. गाण्याचे तसे नाही. म्हणून मी येथे केवळ गाण्याविषयी, आणि त्यातही त्रिपदीविषयी बोलणार आहे.

त्रिपदी हा कानडी जात्यावरील गाण्याचा मुख्य छंद. नावाप्रमाणे तिच्या तीन ओळी असतात आणि त्या मिळून अकरा गण होतात : पहिल्या ओळीत चार, दुसऱ्या ओळीत चार, तिसऱ्या ओळीत तीन. या अकरांपैकी सहावा आणि दहावा हे गण आखूड असतात, बाकीचे लांब. म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत दुसऱ्या ठिकाणी पाऊल जरा आखडते. हातातील खुंटा फिरत असताना आवाज तेथे क्षणभर आवरला जातो आणि पुन्हा सुटतो. दुसऱ्या ओळीच्या अखेरचा गण अर्थाने बहुधा तिसऱ्या ओळीशी जोडलेला असतो, आणि त्याच्या अलीकडे विराम येतो. याखेरीज एक गोष्ट मराठी वाचकास नवी वाटेल. आपल्याकडे यमक ओळीच्या शेवटी जुळते. कानडीत ते ओळीच्या आरंभी जुळते, आणि तेही दुसऱ्या अक्षरात. प्रत्येक ओळीचे दुसरे व्यंजन एकच असावे, अशी ही प्रासाची रीत आहे. तेलुगूतही हाच नियम चालतो, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर घरांतून तेलुगू पदांची पाने ज्यांच्या हाती येतील, त्यांनाही पुढील विवेचन थोड्या फरकाने उपयोगी पडेल.

मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की हा छंद आणि हा प्रास ही भाषांतराच्या शेवटी घालावयाची वस्त्रे नसून छायाचित्रातील पान वाचण्याची ती पहिली साधने आहेत. सामान्यतः समजूत अशी असते, की आधी पान वाचावे, मग अर्थ लावावा, मग प्रतिमा पाहाव्यात आणि अखेरीस जमले तर लय साधावी. प्रत्यक्षात जे पान अर्धवट दिसते ते पुरतेपणी वाचता येते ते लयीच्याच आधाराने. आणि ज्याने लय मागाहून पाहावयाची ठरविली, तो पुष्कळदा चुकीच्या शब्दाचे सुंदर भाषांतर करून बसतो.

हे उदाहरणाने दाखविणे बरे. कोणाही संग्रहातील पद येथे उतरवून घेण्याऐवजी, त्रिपदीच्या नियमांना धरून नमुन्यादाखल एक पद मीच जुळविले आहे. ते देवनागरीत असे :

मळॆ बंदु कॆरॆ तुंबि हॊळॆयुक्कि हरिदित्त
बळॆगार बंद तवरिंद — सुद्दीय
तिळिसदलॆ होद नगनगुत

शब्दांचा अर्थ साधा आहे. मळॆ म्हणजे पाऊस, कॆरॆ म्हणजे तळे, हॊळॆ म्हणजे नदी. पाऊस येऊन, तळे भरून, नदी उतून वाहिली होती. बळॆगार म्हणजे बांगड्या भरणारा कासार. तवरु म्हणजे माहेर. सुद्दि म्हणजे वार्ता. माहेराहून कासार आला, आणि वार्ता न कळवता हसत हसत निघून गेला. येथे ऎ आणि ऒ ही उलट्या मात्रेची अक्षरे मी मुद्दाम वापरली आहेत. कानडीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही असतात. मराठीत ते नेहमी दीर्घच. ज्याने कानडी पान देवनागरीत उतरविताना हा भेद राखला नाही, त्याच्या वहीत मळॆचे ‘मळे’ झाले. मग मराठी डोळ्यास तेथे बागाईत दिसू लागते, आणि जेथे दोन मात्रा होत्या तेथे तीन मोजल्या जातात. छंद मोडला असे त्याला वाटते, आणि तो दोष मूळ गाणाऱ्या बाईच्या माथी जातो. म्हणून नक्कल करताना पहिला शिरस्ता हा, की ऱ्हस्व ए-ओ यांस वेगळी खूण द्यावी; कोणती द्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे, पण ती अखेरपर्यंत एकच ठेवावी.

आता लघूची एक आणि गुरूची दोन, असा हिशेब केला तर पहिल्या ओळीचे चारही गण पाच-पाच मात्रांचे भरतात : मळॆबंदु, कॆरॆतुंबि, हॊळॆयुक्कि, हरिदित्त. दुसऱ्या ओळीत बळॆगार पाच, बंद तीन, तवरिंद पाच, सुद्दीय पाच. तिसरीत तिळिसदलॆ पाच, होद तीन, नगनगुत पाच. सहावा गण ‘बंद’, म्हणजे आला. दहावा गण ‘होद’, म्हणजे गेला. जेथे पाऊल आखडते तेथेच येणे आणि जाणे ही दोन क्रियापदे उभी आहेत, ही गोष्ट मनात ठेवावी. भाषांतराच्या वेळी तिची गरज लागेल. आणि तीनही ओळींचे दुसरे अक्षर पाहावे : मळॆ, बळॆ, तिळि. प्रत्येक ठिकाणी ळ.

समजा, हे पद एखाद्या जुन्या छापील पुस्तकाच्या पानावर आहे आणि त्याचे छायाचित्र आपल्या हाती आले आहे. कानडी लिपीतील जोडाक्षराचा दुसरा वर्ण मुख्य अक्षराच्या खाली, लहान आकारात येतो. जुन्या छपाईत हा खालचा वर्ण पुढच्या ओळीला जवळजवळ भिडलेला असतो. छायाचित्र जरा हलले किंवा कागदाची घडी तेथे पडली, की पहिल्याने तोच नाहीसा होतो. ऎलॆ म्हणजे पान, आणि ऎल्लॆ म्हणजे शीव. दोहोंत फरक काय तो या खालच्या वर्णाचा. आपल्या पदात ‘हॊळॆयुक्कि’मधील खालचा क दिसला नाही, तर ‘हॊळॆयुकि’ उरते. शब्दकोशात असा शब्द सापडत नाही, म्हणून घाईचा वाचक जवळचा दुसरा शब्द शोधू लागतो. परंतु मात्रा मोजणारास लगेच कळते, की या गणात चारच मात्रा भरल्या, एक कमी पडली. आणि कमी पडलेली मात्रा जोडाक्षराखेरीज येथे येण्याचा दुसरा सोयीचा मार्ग नाही. अनुस्वाराचेही तसेच. कानडीत तो अक्षराच्या पुढे वर्तुळाच्या रूपाने येतो. पानाच्या शिवणीत तो बुडाला तर ‘बंद’चे ‘बद’ होते आणि तीन मात्रांच्या दोन उरतात. दीर्घ ओकाराची खूण अक्षराच्या उजवीकडे सुटी येते. ती गेली तर ‘होद’चा आखूड गण आणखी आखूड होतो. या तिन्ही ठिकाणी छंद मुद्रितशोधकाचे काम करतो.

परंतु प्रत्येक दोष मात्रांना सापडत नाही. पहिल्या ओळीच्या आरंभी डाग पडला आहे, ळ या अक्षराचा आकार फुटला आहे, आणि वाचणाऱ्याने सवयीने ‘मनॆ’ वाचले, असे धरू. मनॆ म्हणजे घर. मात्रा तितक्याच, दोन. शिवाय अर्थही लागल्यासारखा वाटतो : घर आले, तळे भरले, नदी वाहिली. कल्पक भाषांतरकार येथे थांबत नाही. घर जवळ येताच तळे भरून आल्याचा भास झाला, डोळे भरून आले, अशी मोठी मनोहर उपपत्ती तो बसवितो, आणि मराठीत एक अशी ओळ जन्मास येते, की तिच्यात मूळच्या पावसाचा एक थेंबही नसतो. हा दोष मात्रांनी पकडला जात नाही. तो पकडतो प्रास. पुढच्या दोन ओळींच्या दुसऱ्या स्थानी ळ स्वच्छ दिसतो आहे. तेव्हा पहिल्या ओळीतही तेथे ळ असलाच पाहिजे, न असून चालणार नाही. ज्या स्थानी कानडी कवितेने आपले यमक ठेवले, त्याच स्थानी वाचकाची खात्री ठेवलेली आहे.

आणि काही दोष प्रासाच्याही पलीकडचे असतात. कॆरॆ म्हणजे तळे आणि करॆ म्हणजे हाक. फरक फक्त क या अक्षराच्या माथ्यावरील खुणेचा. मात्रा समान, शब्द ओळीच्या मध्ये असल्यामुळे प्रासाचा तेथे अंमल नाही. येथे केवळ अर्थाने निवाडा करावा लागतो : तुंबि, म्हणजे भरून, हे हाकेला लागत नाही, तळ्याला लागते, आणि पाऊस व नदी यांच्या मधोमध तळेच शोभते. म्हणजे आधी मात्रा, मग प्रास, आणि सर्वांत शेवटी अर्थ, असा माझा क्रम आहे. अर्थाला शेवटी ठेवण्याचे कारण असे, की अर्थ हा फार उदार साक्षीदार आहे. त्याला विचारावे त्या वाचनाला तो थोडाबहुत दुजोरा देतो. मात्रा आणि प्रास कोणाची भीड धरीत नाहीत.

छायाचित्र कसे घ्यावे, याविषयी थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ अनर्थ तेथेच टळतात. पान सपाट करून कॅमेरा त्याच्याशी समांतर धरावा. उजेड खिडकीतून एका बाजूने यावा, मोबाईलचा झोत वापरू नये, कारण गुळगुळीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो आणि तो नेमका मजकुरावर बसतो. कागद पातळ असून मागची छपाई पुढे उमटत असेल, तर पानाच्या मागे काळा कागद सरकवावा. उमटलेली अक्षरे बहुतांशी दबतात. एकच छायाचित्र पुरे मानू नये : एक संपूर्ण पानाचे, एक शिवणीकडील कडेचे, आणि एक दुसऱ्या बाजूने उजेड घेऊन. रंग काढून टाकून पान निव्वळ काळेपांढरे करण्याची जी सोय मोबाईलमध्ये असते, ती पाठविताना वापरू नये; फिकट झालेला खालचा वर्ण, आणि महाप्राण अक्षराच्या तळाशी असणारी बारीक उभी रेघ, जिच्यावरून द आणि ध किंवा ब आणि भ ओळखावयाचे, ती या साफसफाईत डागाबरोबर धुऊन जाते. पदाच्या मागचे आणि पुढचे पानही टिपावे, आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ तर अवश्य टिपावे. त्रिपदी छापताना कोणी तीन ओळी करतात, कोणी चार; रुंद ओळ पानात न मावल्यामुळे तिचे शेपूट खाली येते आणि ती स्वतंत्र ओळ भासते. पुढचेमागचे पान हाती असले, की छापणाऱ्याची रीत कळते.

यानंतर नक्कल हाताने करावी. पडद्यावर अक्षर कितीही मोठे करता येत असले, तरी मोठे केल्याने नसलेली रेघ उत्पन्न होत नाही. हाताने उतरविताना मात्र प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते, आणि संशय जेथे असेल तेथे खूण करता येते. ज्या अक्षराविषयी खात्री नाही त्याच्याखाली टिंब द्यावे, आणि ते टिंब भाषांतर पूर्ण होईपर्यंत पुसू नये. मग मूळ छायाचित्राशी नकलेची रुजुवात घालावी. शक्य असल्यास दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचावे आणि आपण छायाचित्राकडे पाहावे. जुन्या दफ्तरखान्यात कारकून जी शिस्त पाळीत, तीच येथे पाळावयाची आहे.

आता भाषांतर. वरील पदाचे पहिले मराठी रूप, अर्थापुरते, गद्यातच होते आणि ते तसेच असावे. दुसऱ्या पायरीवर मराठी अनुवादकास दोन मोह पडतात. पहिला प्रौढ भाषेचा : मेघ वर्षले, तडाग भरले, सरिता उभय तटांवरून वाहिली. मी स्वतः ज्या भाषेत ही प्रस्तावना लिहीत आहे, ती भाषा जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी घातली, तर पदाचा प्राण गेलाच. दुसरा मोह यमकाचा, आणि तो अधिक घातक, कारण तो गोड असतो. उदाहरणार्थ :

पाऊस झाला, तळं भरलं, ओढा नदीला मिळाला
माहेरचा कासार आला नि न बोलता पळाला

हे कानाला बरे लागते. परंतु ‘मिळाला’ आणि ‘पळाला’ यांची जोडी जमविण्यासाठी काय काय गेले, ते पाहावे. नदीचे उतणे गेले. तिच्याऐवजी मुळात नसलेला ओढा आला. कासाराचे हसू गेले. तो हसत गेला होता, येथे तो पळाला, म्हणजे त्याच्या मनात काही अपराध असावा, असा निराळाच भाव उभा राहिला. दुसऱ्या ओळीअखेरचा विराम तर पूर्णच बुजला. मूळ पद ज्या गोष्टींवर उभे आहे त्याच येथे पडल्या आणि जे मुळात नव्हते ते ओळीअखेरचे यमक मात्र राहिले.

म्हणून लयीचा सांभाळ म्हणजे यमकाचा सांभाळ नव्हे, हे निक्षून सांगावेसे वाटते. कानडीतील दुसऱ्या अक्षराचा प्रास मराठीत आणता येत नाही. आणला तरी मराठी कान तो ओळखत नाही, तो वाया जातो. त्याच्या मोबदल्यात शेवटचे यमक देणे हा न्याय वरवरचा आहे. मी प्रास सोडतो, आणि तो सोडल्याचे टिपणात नमूद करतो. राखावयाच्या गोष्टी तीन : प्रतिमांचा क्रम, आखूड गणाची जागा, आणि विरामाची जागा. त्या राखून सिद्ध झालेले रूप असे :

पाऊस आला, तळं भरलं, नदी उतली काठावरून
कासारदादा आला माहेराहून — निरोप काही
न कळवता गेला हसत हसत

मराठीत लेखनातील अक्षर आणि उच्चारातील अक्षर एक नसते. ‘पाऊस’ लिहिताना तीन, बोलताना दोन. कानडीत शब्दाच्या अखेरचा स्वर उच्चारला जातोच, म्हणून तिच्या मात्रा कागदावर मोजता येतात. मराठीत कानाने मोजावे लागते. कानाने मोजले, तर पहिल्या ओळीचे चार तुकडे सारखे येतात : पाऊस आला, तळं भरलं, नदी उतली, काठावरून. दुसऱ्या ओळीत ‘कासारदादा’ लांब, ‘आला’ आखूड, ‘माहेराहून’ लांब, ‘निरोप काही’ लांब. तिसरीत ‘न कळवता’ लांब, ‘गेला’ आखूड, ‘हसत हसत’ लांब. बंदच्या जागी ‘आला’ आणि होदच्या जागी ‘गेला’ बसला. पाऊल आखडते तेथे येणे आणि जाणे जसेच्या तसे राहिले. जाते ओढताना म्हणून पाहिले, तर हात अडखळत नाही.

यातील दोन शब्दांविषयी खुलासा करणे अवश्य आहे. ‘उक्कि’ हे क्रियापद कानडीत नदीला लागते तसेच चुलीवरच्या दुधालाही लागते. मराठीत ‘दुथडी भरून वाहिली’ हा प्रयोग हाताशी तयार असतो, पण तो नदीपुरता आहे. ‘उतली’ म्हटले की दूध आणि नदी दोन्ही एका शब्दात राहतात, आणि गाणारी बाई घरातल्या चुलीजवळून नदीकडे पाहत आहे, हे न सांगता कळते. दुसरा शब्द ‘न कळवता’. प्रथम ‘सांगितल्याविण’ असे सुचते. तुकड्याची लांबी तीच, पण तो शब्द जड आहे. मूळच्या तिसऱ्या ओळीत तिळिसदलॆ आणि नगनगुत हे दोन्ही गण पाच-पाच लघूंचे आहेत. जाणाऱ्या माणसाची हलकी चाल त्या लघूंत ऐकू येते. ‘न कळवता’ आणि ‘हसत हसत’ यांत तो हलकेपणा उरतो. कासाराला मी ‘दादा’ जोडला आहे, तो मुळात नाही. तो लांब गण भरण्यासाठी आला हे खरे. तथापि आमच्याकडे बायका कासाराला नुसते नावाने हाक मारीत नाहीत, म्हणून ही भर मी क्षम्य मानतो. याहून अधिक भर घालू नये.

आणि एक गोष्ट अनुवादकाने न केलेलीच बरी. कासार हसत का गेला, माहेरी काही शुभ घडले होते आणि त्याने ते थट्टेने दडविले, की काही अशुभ होते आणि ते सांगवेना म्हणून तो नुसता हसला, हे पद सांगत नाही. नदी उतली होती. माहेरचे माणूस पलीकडून येण्याची सोय नव्हती. अशा वेळी नदी ओलांडून आलेला तो एकटाच, आणि तोही बोलला नाही. पहिल्या ओळीतील पाऊस आणि नदी ही ऋतूची शोभा नसून त्या बाईच्या अडचणीची कैफियत आहे, एवढे अनुवादकाने ओळखावे, त्यासाठी प्रतिमांचा क्रम बदलू नये, आणि हसण्याचा उलगडा करू नये.

पुढील संग्रहातील प्रत्येक पदाखाली मूळ पान कोणत्या पुस्तकातील, हे दिले आहे. वहीतील पदांखाली गाव दिले आहे, व्यक्तीचे नाव दिलेले नाही. जेथे अक्षर संशयित राहिले तेथे टिंब कायम ठेवले आहे. ज्ञात कवींच्या रचना या संग्रहात घेतलेल्या नाहीत, कारण आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत हक्क वारसांकडे असतो. बेंद्रे 1981 साली वारले, तेव्हा त्यांच्या कवितेचे भाषांतर प्रसिद्ध करण्यास 2041 सालाच्या अखेरपर्यंत परवानगी आवश्यक आहे. पान आपल्या मोबाईलमध्ये आहे, एवढ्याने ते आपले होत नाही.

वाचकांस विनंती अशी, की भीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे ज्यांच्या घरी अशी पाने असतील, त्यांनी छायाचित्र पाठविताना रंगीत पाठवावे, मागचेपुढचे पान आणि मुखपृष्ठ सोबत जोडावे. आणि घरात ते पद अजून कोणी म्हणत असेल, तर म्हणताना आवाज कोठे थांबतो तेथे कागदावर उभी रेघ मारून तो कागदही पाठवावा. छापलेल्या पानावर विराम क्वचितच दाखविलेला असतो, आणि त्या एका रेघेने आमचे पुष्कळ काम सोपे होईल.

सात रस्ता, सोलापूर